नऊ वाजताचा भाव

हिवाळ्यातल्या मेळ्यात शिजवलेलं खाणं विकायला बसलेल्या कुणाकडेही रात्री साडेआठनंतर नीट बघा. तोंडाने तो गिऱ्हाइकाशी बोलत असतो, डोळे मात्र परातीत असतात. किती उरलं, किती जाईल, मैदानात अजून माणूस किती आहे, हा हिशेब आत सुरू झालेला असतो. शेजारच्या लोणच्या-पापडाच्या स्टॉलवरची बाई निवांत स्वेटर सारखा करत असते. तिचं लोणचं उद्याही लोणचंच असणार आहे. आमची वडी उद्या वडी राहत नाही.

आमचा स्टॉल सांबारवडीचा. सांबार म्हणजे कोथिंबीर, हे विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी. कुणी पुडाची वडी म्हणतं, कुणी पाटोडी. थंडी पडली की कॉटन मार्केटात सांबाराचे ढीग लागतात, जुड्या स्वस्त होतात आणि पानाला वासही हिवाळ्यातच खरा येतो. त्यामुळे नागपुरात या वडीचा हंगाम आणि मेळ्यांचा हंगाम एकच. मी, माझी जाऊ आणि कॉलेजात जाणारा पुतण्या, एवढ्या तिघांवर स्टॉल चालतो. सुरुवातीपासून आमच्यात वाद होतो तो एकाच गोष्टीवर: रात्री उरलेल्या मालाचा भाव कधी पाडायचा, आणि पाडायचा की नाही.

पुतण्या म्हणतो, "काकू, प्लेटला तीसच तर पडलं आपल्याला. चाळीसला दिलं तरी दहा सुटतात ना!" जाऊ म्हणते, "तीसच्या खाली द्यायचंच नाही, घाटा आहे." दोघांचीही आकडेमोड शाळेत बरोबर ठरेल. रात्री नऊ वाजता दोन्ही चूक आहेत, आणि ते का, हे समजायला आधी वडीच्या पोटात शिरावं लागतं.

वडीच्या तीन अवस्था असतात आणि प्रत्येकीचं घड्याळ वेगळं चालतं. पहिली सारणाची. सांबार धुऊन, कापडावर पसरून अगदी कोरडा केलेला, बारीक चिरलेला. त्यात भाजलेलं सुकं खोबरं, खसखस, तीळ, आलं-लसूण-मिरचीचं वाटण, थोडी साखर. यात मीठ आणि लिंबू पडत नाही तोवर हे सारण घट्ट झाकणाच्या डब्यात, थंड पेटीत, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चांगलं राहतं. मीठ पडलं की पानातलं पाणी बाहेर ओढलं जातं आणि पाऊण तासात डब्याच्या तळाशी हिरवं पाणी साचतं. लिंबाचं वेगळंच. आंबटाने सांबाराचा हिरवा रंग मरतो, शेवाळी-तपकिरी होतो. चवीत फार फरक नसतो, पण वडी मोडल्यावर आतून हिरवीगार दिसली नाही तर खाणाऱ्याला ती शिळीच वाटते, आणि तुम्ही काहीही सांगितलं तरी त्याचे डोळे ऐकत नाहीत. म्हणून आम्ही मीठ आणि लिंबू घाण्यापुरतंच, भरायच्या वेळी घालतो.

दुसरी अवस्था भरलेल्या कच्च्या वडीची. बेसन आणि मैद्याची पातळ पोळी, तिला आतून चिंच-गूळ-काळ्या मसाल्याचा हात, त्यावर सारण, आणि पाकिटासारखी घडी. ही अवस्था सगळ्यांत नाजूक. सारण आतून ओलं, चिंचेचा हातही ओला. ताटात तासभर राहिली की खालची बाजू मऊ पडते. उचलताना ताटाला चिकटली की समजायचं, ही तेलात फुटणार. एक वडी फुटली की सारण तेलात सुटतं, करपतं, आणि पुढच्या सगळ्या घाण्याला काळे ठिपके आणि कडवट वास लागतो. म्हणजे नुकसान एका वडीचं नसतं, कढईभर तेलाचं असतं. भरून ठेवलेल्या वड्यांचा ढीग बघायला छान दिसतो, गिऱ्हाइकाला वाटतं केवढी तयारी आहे. मला त्या ढिगाची भीती वाटते.

तिसरी तळलेली. कढईतून निघाल्यावर अर्धा-पाऊण तास तिचा दिमाख. मग आतली वाफ बाहेर यायला बघते, पारी ती पिते, आणि कुरकुरीतपणा जातो. ओळखायला सोपं आहे: बोटाने कडेला दाबा, कट्‌ आवाज आला तर ठीक, नुसती दबली तर गेली. एकदा पुन्हा गरम तेलात बुडवून काढली तर ती परत उभी राहते. दुसऱ्यांदा नाही. दुसऱ्यांदा ती नुसतं तेल पिते आणि कागदावर ठेवल्यावर खाली डाग पसरत जातो.

आता भावाकडे येऊ. आमची प्लेट दोन वड्यांची, सोबत गरम कढी, ऐंशी रुपयांना. खर्च तिसाच्या आसपास पडतो. त्यातले वीस सारणाचे, कारण खसखशीचा भाव इतवारीत विचारला तरी घाम फुटतो. उरलेले दहा पारी, तेल, गॅस, कढी, द्रोण मिळून. जागेचं भाडं या तिसात धरलेलं नाही. ते पहिल्याच दिवशी भरून झालेलं असतं, एक प्लेट विकली काय आणि शंभर विकल्या काय, तेवढंच. रात्रीच्या भावाशी त्याचा काही संबंध नाही, तरी माणूस मनात ते मोजतोच.

गंमत अशी, की वडी तळली त्या क्षणी हे तीस रुपयेही भाड्याच्या रांगेत जाऊन बसतात. ते गेले. परातीतली प्लेट ऐंशीला विका, वीसला विका, की रात्री घरी न्या, तीस परत येत नाहीत. म्हणून "तीसच्या खाली घाटा" हे जावेचं म्हणणं बाजारात जायच्या आधी खरं असतं, तळून झाल्यावर नाही. पावणेदहाला परातीत प्लेट उरली आणि समोरचा वीस देतो म्हणाला, तर ते वीस शून्याशी ताडून बघायचे, तिसाशी नाही. पुतण्याची चूक याच नाण्याची दुसरी बाजू. "चाळीसला दिलं तरी दहा सुटतात" म्हणताना तो विसरतो की जो माणूस ऐंशी देऊन घेणारच होता त्याच्याकडून आपण चाळीस सोडले. तीस रुपये दोघांच्याही डोक्यात बसले आहेत, आणि साडेआठनंतर त्यांना तिथे जागा नाही.

मग काय मोजायचं? दोनच गोष्टी. पूर्ण भावात आणखी किती जाईल, आणि कमी भावात किती जाईल. भाव पाव हिश्शाने उतरवला, ऐंशीचे साठ केले, तर तेवढाच गल्ला यायला तीन प्लेटांच्या जागी चार जायला हव्यात. निम्मा केला तर एकीच्या जागी दोन. ऐकायला 'दुप्पट' सोपं वाटतं. पण रात्री नऊला, तापमान बारा-तेरावर उतरलेलं, लोक मुलांना कानटोप्या घालून पार्किंगकडे निघालेले, अशा वेळी दुप्पट गिऱ्हाईक आणायचं कुठून? भाव कमी केल्याने माणूस मैदानात येत नाही. जो आत आहे त्याचाच विचार बदलला तर बदलतो, आणि त्यातही अर्ध्यांचं पोट भरलेलं असतं.

एका रविवारचं सांगते, कारण त्या रात्री हे सगळं एकदम समोर आलं. मंचावर गाण्यांचा कार्यक्रम होता आणि आठला मध्यंतर होईल असं आम्हाला सांगितलं होतं. मध्यंतरात गर्दी एका झटक्यात खाण्याच्या रांगेकडे येते, तेव्हा कढईत वडी टाकून "दहा मिनिटं थांबा" म्हणण्यात अर्थ नसतो. लोक शेजारच्या तर्री पोह्यांकडे वळतात. म्हणून पावणेआठला दोन मोठे घाणे काढून ठेवले. कार्यक्रम रंगला आणि आयोजकांनी मध्यंतरच गाळलं. साडेआठला आमच्या परातीत चोवीस प्लेटांची वडी, समोर मोकळं मैदान, आणि तिकडून 'वन्स मोअर'चा आवाज.

पुतण्या खडू घेऊन फळ्याकडे निघालाच होता. मी म्हटलं, आधी बस. भाव तसाच ठेवला तर अशा वेळी शेवटच्या दीड तासात साधारण दहा प्लेटा जातात. म्हणजे आठशे रुपये, आणि चौदा प्लेटा उरणार. निम्मा भाव केला तर आठशे गाठायलाच वीस प्लेटा जायला हव्यात, आणि चोवीसच्या चोवीस गेल्या तरी येणार नऊशे साठ. म्हणजे सगळं काही आपल्या मनासारखं झालं तर फायदा एकशे साठ रुपयांचा. साठ रुपये भाव केला तर चौदा प्लेटांत आठशे पार होतात, आणि सगळ्या गेल्या तर चौदाशे चाळीस. कागदावर साठ बरा दिसतो. पण साडेआठला करायचा कुणासाठी? गर्दी तर मंचासमोर खुर्च्यांवर. यावेळी जो तुरळक माणूस येत होता तो भुकेने येत होता. त्याला ऐंशी जड नव्हते. सवलत त्याला देऊन टाकली असती आणि जी माणसं सवलतीने वळली असती ती अजून बसूनच होती.

म्हणून थांबलो. पावणेनऊच्या आसपास कढईखालचा गॅस बारीक केला, नवीन काहीही भरलं नाही. सव्वानऊपर्यंत पाच प्लेटा ऐंशीने गेल्या. चारशे. एकोणीस प्लेटा, म्हणजे अडतीस वड्या उरल्या. तोवर कार्यक्रम संपत आल्याचं सूत्रसंचालकाच्या आभारप्रदर्शनावरून कळलं (हा फार भरवशाचा इशारा असतो, आभार सुरू झाले की दहा मिनिटं धरायची). तेवढ्यात आम्ही तेल तापवून वड्या हप्त्याहप्त्याने एकदा बुडवून काढल्या आणि फळ्यावर लिहिलं: 'घरी न्या, चार वड्या एकशेवीस'. प्लेटचा भाव ऐंशी, तो वर तसाच.

हिशेबाने बघितलं तर चार वड्यांना एकशेवीस म्हणजे प्लेट साठालाच पडली. पण दोन्हींत फरक आहे. साठ लिहिलं असतं तर माणूस एक प्लेट घेऊन उभ्याने खाऊन गेला असता. रात्री सव्वानऊला थंडीत उभं राहून खायला कुणालाच नको असतं, घरी जायची घाई असते. पार्सलमध्ये एकाच माणसाकडे दोन प्लेटांचा माल जातो, आणि तो घेणारा वेगळाच असतो, घरी म्हातारी आई आहे, मुलगा अभ्यास करत बसलाय, असा. त्याला कढी दिली नाही. कढी पिशवीत सांडते, आणि नाही दिली तर आपलाही खर्च वाचतो. सात पार्सलं गेली, आठशे चाळीस. आधीचे चारशे धरून बाराशे चाळीस. उरल्या दहा वड्या. दोन-तीन आमच्या पोटात गेल्या, बाकी मैदानाच्या रखवालदारांना आणि खुर्च्या उचलणाऱ्या पोरांना दिल्या.

पार्सलचं एक सांगायचं राहिलं. पार्सल कागदी पिशवीत, तोंड उघडं ठेवून. प्लॅस्टिकच्या डब्यात किंवा फॉइलमध्ये गरम वडी बंद केली की घरी पोचेपर्यंत तिची भिजलेली घडी होते, आणि खाणारा म्हणतो, उरलेलं शिळं गळ्यात मारलं. तव्यावर तेल न घालता मंद आचेवर दोन्ही बाजूंनी शेका, असं सांगून द्यायचं. मायक्रोवेव्हचं नाव काढलं की मी हात जोडते.

आता तुम्ही म्हणाल, बाराशे चाळीस आले, आठशेपेक्षा चारशे चाळीस जास्त, मग रोज सव्वानऊला पार्सल लावा की. इथेच खरी अडचण आहे. नागपुरातले हे चार-पाच दिवसांचे मेळे जवळपासच्या वस्त्यांवर चालतात. तीच माणसं परत येतात, एक दिवस पोरांना घेऊन, एक दिवस भिशीच्या बायकांबरोबर, शेवटी पाहुण्यांना घेऊन. त्या रविवारनंतर सोमवारी आठ वाजताच एक काका येऊन उभे राहिले. "ताई, किती वाजता लावून राहिल्या ते चारवालं?" मी म्हटलं, काका, आज नाही. "मग थांबतो ना, काही घाई नाही मले," म्हणाले आणि खरंच समोरच्या खुर्चीत शाल गुंडाळून बसले. असे दहाजण जरी थांबले आणि ऐंशीऐवजी साठ देऊन गेले, तर दोनशे रुपये गेले, म्हणजे आदल्या रात्रीच्या जादा कमाईचा जवळजवळ अर्धा भाग. सवलतीचा खरा खर्च त्या रात्रीच्या गल्ल्यात दिसतच नाही. तो दुसऱ्या दिवशी आठ ते नऊच्या ओस पडलेल्या तासात दिसतो, आणि माणूस म्हणतो, आज गर्दीच नव्हती.

त्यामुळे मी सवलतीची वेळ कधी पक्की होऊ देत नाही. ज्या रात्री काही कारणाने माल अडकला त्याच रात्री, आणि कारण डोळ्याला दिसेल असं: कार्यक्रम लांबला, पाऊस आला, अधिवेशनामुळे रस्ते वळवले आणि लोक पोचलेच नाहीत. रोज नऊला भाव पडतो हे एकदा लोकांना कळलं की तुमचा भाव ऐंशी राहत नाही. तो साठच होतो, फक्त ही गोष्ट न कळलेले ऐंशीवाले मिळतात तोवर मिळतात. काकांना मी नंतर एक वडी नुसतीच खायला दिली, भाव कमी केला नाही. त्यांनी पूर्ण प्लेट मागवली की नाही ते विचारू नका.

हल्ली यात एक नवीन चुगलखोर आला आहे. क्यूआर कोडबरोबर येणारा तो बोलका डबा. पूर्वी ओळखीच्या कुणाला कानात सांगून दहा-वीस कमी घेता यायचे. आता त्याने फोनवरून पैसे टाकले की डबा भर गर्दीत मोठ्याने ओरडतो, साठ रुपये मिळाले! रांगेतली पाच डोकी एकदम वळतात. "आम्हाला तर ऐंशी सांगितले ना?" खासगी सवलत नावाची गोष्टच या डब्याने संपवली. माझ्या मते ते बरंच झालं. ज्याचं तोंड मोठं त्याला स्वस्त, आणि गप्प बसून ऐंशी देणारा मूर्ख, हा बाजार मला कधीच आवडला नाही. सवलत द्यायची तर फळ्यावर, सगळ्यांना.

आता मघाशी सांगितलेल्या तीन अवस्था परत घ्या. सवलतीचा प्रश्न फक्त तळलेल्या मालाचा असतो. डब्यातलं सारण उद्या वापरता येतं, म्हणजे त्यातले वीस रुपये अजून जिवंत आहेत. मेळ्याच्या मधल्या दिवशी नऊ वाजता कुणी चाळीसला प्लेट मागितली आणि परात रिकामी असेल, तर कढई चढवायची का? चाळीसातून पारी-तेलाचे दहा गेले, उरले तीस. आणि त्या तिसासाठी उद्या ऐंशीला जाऊ शकणारं वीस रुपयांचं सारण मोडलं. हातात दहा. तेवढ्यासाठी मी गॅस पेटवत नाही. पण तोच माणूस तळून झालेल्या प्लेटला चाळीस म्हणाला आणि पावणेदहा झालेत, तर विचार करण्यासारखं आहे. म्हणून माझ्या मते रात्रीच्या भावाचा निर्णय फळ्यावर होत नाही, सात-सव्वासातला कढईवर होतो: पुढचा घाणा केवढा? सात वाजता आम्ही घाण्याचा आकार निम्मा करतो. आठनंतर समोर माणूस उभा असेल तेवढंच. आठ मिनिटं थांबायला लागतात, काहीजण निघून जातात. जाऊ दे. जो थांबतो त्याला कढईतून थेट द्रोणात मिळते आणि तो दोघांना सांगतो.

मग दिवसाचा माल किती करायचा? याला एक जुना हिशेब आहे, वर्तमानपत्र विकणाऱ्याच्या नावाने ओळखला जातो, कारण त्याचाही माल संध्याकाळी रद्दी होतो. प्लेट कमी पडली तर पन्नासाचा नफा हुकला. प्लेट जास्त झाली आणि फेकली तर तीस गेले. पन्नास भागिले ऐंशी, म्हणजे आठातले पाच. माल एवढा करायचा की आठ दिवसांपैकी पाच दिवस पुरेल आणि तीन दिवस संपेल. तीन दिवस रिकाम्या हाताने बसायला लागलं तरी ते बरोबरच आहे. हे जावेच्या गळी उतरवायला फार वेळ लागला. माल संपला की तिला वाटतं, आणखी दोन किलो केलं असतं तर! पण रोज उरेल एवढा माल करणाराच दर रात्री भाव पाडायला मजबूर होतो. आणि हा हिशेब तळलेल्या मालालाच लागू आहे. सारणाला दुसरा दिवस असल्याने ते थोडं हात सैल सोडून केलं तरी चालतं, फक्त सकाळी कालचं आधी संपवायचं, आजच्यात मिसळायचं नाही, आणि दुपारपर्यंत नाही संपलं तर टाकायचं. मिसळलं की कुठलं कालचं हेच कळत नाही, आणि मग वास आल्यावर सगळंच जातं.

आमच्या शेजारी संत्रा बर्फीचा स्टॉल असतो. त्यांचं गणित बघून पुतण्याला नेहमी हेवा वाटतो. बर्फी रात्री जशीच्या तशी ट्रेमध्ये, उद्या पुन्हा. पण तीही काही अमर नाही. खव्यात ताज्या संत्र्याचा गर असतो, फ्रिजबाहेर दोन-तीन दिवसांच्या पुढे माझा तिच्यावर भरवसा नाही. शिवाय 1 ऑक्टोबर 2020 पासून सुट्या मिठाईच्या ट्रेवर 'या तारखेपर्यंत खाणे योग्य' ही तारीख लावायला अन्नसुरक्षा प्राधिकरणाने सांगितलेलं आहे. त्या तारखेने बर्फीवाल्याचा भावही ठरतो. तारखेच्या आदल्या संध्याकाळी तो पाव किलोवर दोन वड्या जास्त टाकतो, भावाला हात लावत नाही. गोड खाणारा माणूस वजनाने खूश होतो. आमच्या वडीला वजन चालत नाही. तळलेल्याची तिसरी वडी फुकट दिली तर अर्ध्यावेळा ती द्रोणात तशीच टाकून जातात.

आणि एक रेष आहे जिच्याखाली कुठलाच भाव नाही. शिजवलेलं अन्न 5 ते 60 अंशांच्या मधे चार तासांहून जास्त राहिलं तर ते टाकायचं, हा नियम अन्नाच्या धंद्यात शिकवतात तो फुकाचा नाही. थंडीत तर जास्त फसवणूक होते, कारण वास येत नाही, वडी दिसायलाही बरी असते. आम्ही घाणा काढला की परातीला खडूने वेळ लिहितो. पावणेआठचा घाणा पावणेबाराला संपला, मग तो कुणाला फुकटही द्यायचा नाही. रखवालदाराला दिलेली वडी ही उरलेली असते, पण वाईट नसावी. माझ्या मते ज्याला पैसे देता येत नाहीत त्याला आपण शिळं देतो तेव्हा ते दान नसतं, आपला कचरा त्याच्या पोटात टाकणं असतं. कढीचं तर आणखी कडक. ती मंद आचेवर सतत गरम असेल तर ठीक, एकदा निवली की उरलेली गेली. स्वस्त असते, तिच्यासाठी जीव टाकायचा नाही.

शेवटचा दिवस मात्र सगळे नियम उलटे करतो. उद्या नसतो. काका पुन्हा येऊन थांबतील ही भीती नाही, आणि सारणाचे वीस रुपयेही आता मेले, कारण घरी नेऊन वीस-पंचवीस प्लेटांचं सारण कोण खाणार? त्या रात्री चाळीसची प्लेट मागणाऱ्यासाठी मी आनंदाने कढई चढवते. दहाच खर्च, तीस हातात. फक्त हे आम्हालाच नाही, सगळ्या रांगेला माहीत असतं, आणि गिऱ्हाइकालाही. शेवटच्या संध्याकाळी सातपासूनच लोक हातात पिशवी घेऊन, भाव न विचारता नुसते फिरत असतात. ते पोळा फुटायची वाट बघतात. रांगेत कुणीतरी एक आधी पाडतो, बहुधा चाटवाला, आणि मग पाच मिनिटांत सगळ्या फळ्यांवर खडू फिरतो. साडेसातला भजी निम्म्यात असताना मी ऐंशीवर बसून उपयोग नाही.

त्यामुळे शेवटच्या दिवसाचा उपाय भावात नाहीच. आदल्या रात्री मी सारणाचा डबा उघडून बघते, आणि सकाळी कॉटन मार्केटातून रोजच्या निम्म्याहून कमी जुड्या आणते. पुतण्या म्हणतो, शेवटचा दिवस, रविवार, सगळ्यांत जास्त गर्दी, आणि तू माल कमी करून राहिली काकू? गर्दी असते, बाबा. पण ती वाट बघणारी गर्दी असते. सहा-सव्वासहापर्यंत जे भुकेले येतात त्यांना ऐंशीने पुरेल एवढं करायचं, आठला कढई उतरवायची, आणि तेल गार होईपर्यंत बाकीच्यांचे फळे वाचत फिरून यायचं. गेल्या हंगामात मी त्याच वेळी समोरच्याकडून तीळगुळाच्या वड्या निम्म्या भावात आणल्या. पुतण्याने विचारलं, घासाघीस केली का? म्हटलं, नाही, फळ्यावरच लिहिलं होतं.